मराठी खरेदीखताचा कन्नड सारांश: क्षेत्र, चतुःसीमा आणि हप्ते जसेच्या तसे कसे उतरवावेत

प्रश्न: जत तालुक्याच्या पूर्व भागात दोन कन्नड भाऊ मिळून शेतजमीन घेत आहेत. एक इथेच राहतो, दुसरा विजापूरला स्थायिक आहे. दोघेही कन्नड शाळेत शिकलेले. खरेदीखत मराठीत आहे आणि वकिलांनी मला त्याचा दोन पानी कन्नड सारांश करायला सांगितलाय. दोन्ही भाषा मला येतात, पण क्षेत्र, चतुःसीमा आणि पैशांचे हप्ते यांत एखादी चूक राहील अशी धास्ती वाटते. हे तीन भाग नेमके कसे लिहायचे?

उत्तर:

तुमचे खरेदीदार दोन आहेत आणि दोघांच्या जमिनीच्या कागदांच्या सवयी वेगळ्या आहेत, हे आधी ध्यानात घ्या. जतमध्ये राहणारा भाऊ सातबारा पाहत आला आहे, त्यामुळे हेक्टर-आर त्याच्या ओळखीचे आहेत. विजापूरचा भाऊ पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारासारखा उतारा, वाचतो आणि पहाणीत क्षेत्र एकर-गुंटे-आणे असं असतं. सारांश लिहिताना दुसऱ्या भावाला डोळ्यासमोर ठेवा. पहिल्याला शंका आली तर तो सातबारा काढून बघेल, दुसरा तुमच्या कागदावर विश्वास ठेवून घरून पैसे पाठवेल.

तुमचा मसुदा मी पाहिलेला नाही, म्हणून उदाहरणासाठी एक काल्पनिक व्यवहार घेतो. गट नं. ११८, एकूण क्षेत्र २.४६.०० हे.आर. त्यात लागवडीलायक २.४१.०० आणि पोटखराब ०.०५.००. विक्री होते आहे ती गटाच्या पूर्वेकडील अर्ध्या भागाची, म्हणजे लागवडीलायक १.२०.५० आणि पोटखराब ०.०२.५०, मिळून १.२३.००. किंमत २३,७५,००० रुपये.

क्षेत्र

'१.२०.५०' हा आकडा मराठी वाचकाला १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर असा दिसतो. पहाणीची सवय असलेल्या माणसाला तोच आकडा १ एकर २० गुंटे आणि पुढे काहीतरी असा दिसतो. १ एकर २० गुंटे म्हणजे ६० गुंठे, साधारण ६,०७० चौरस मीटर. प्रत्यक्षात १.२०.५० म्हणजे १२,०५० चौरस मीटर. वाचणारा निम्मीच जमीन समजला, आणि कागदावर एकही अक्षर चुकलेलं नाही. म्हणून कन्नडमध्ये क्षेत्र नुसत्या टिंबांनी कधीच लिहू नका. प्रत्येक आकड्यामागे त्याचं एकक शब्दात आलं पाहिजे.

एकक शब्दात लिहितानाही एक खड्डा आहे. कन्नडमध्ये 'आरु' म्हणजे सहा. व्यंजनाने संपणारा शब्द आला की त्याला शेवटी 'उ' लावायची कन्नड जिभेची सवय आहे, त्यामुळे '२० आर' हे घाईत 'इप्पत्तु आरु' असं टाइप होतं किंवा मोठ्याने वाचलं जातं, आणि 'इप्पत्तारु' म्हणजे सव्वीस. मी 'आर्' हलन्त लिहितो आणि पहिल्यांदा येईल तिथेच '१ आर् = १०० चौरस मीटर' एवढी ओळ देतो. पुढचा घोळ तिथेच टळतो.

आता रूपांतर. ते द्यावंच लागतं, कारण विजापूरच्या भावाला एकर-गुंठ्यातच जमीन दिसते. पण ते कशाच्या जोरावर दिलं आहे हे कागदावर स्पष्ट हवं. १ एकर म्हणजे ४० गुंठे. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. १ आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर. बोलताना आपल्याकडे आर आणि गुंठा एकच धरतात, आणि खरी गडबड तिथे सुरू होते. त्या हिशेबाने १२०.५ आर म्हणजे १२०.५ गुंठे, म्हणजे 'तीन एकर अर्धा गुंठा'. नीट भागाकार केला, १२,०५० भागिले १०१.१७, तर उत्तर येतं ११९.१ गुंठे, म्हणजे २ एकर ३९ गुंठे आणि वर दीडएक आणा. फरक जवळपास १.४ गुंठ्यांचा, म्हणजे दीड हजार चौरस फुटांचा. शेतात तो डोळ्यांना दिसणार नाही, पण भाव एकरी ठरला असेल तर हिशेबात दिसतो. शिवाय 'तीन एकर' आणि 'तीन एकरला कमी' यांतला फरक माणसं वर्षानुवर्षं धरून बसतात.

पोटखराब धरलं की चित्र पुन्हा बदलतं. १.२३.०० म्हणजे १२,३०० चौरस मीटर, म्हणजे १२१.६ गुंठे, म्हणजे ३ एकर १ गुंठा आणि साधारण ९ आणे. विकणारा तोंडी 'तीन एकर' म्हणत असेल तर तो पोटखराब धरून बोलतो आहे, आणि त्याच्या बाजूने ते खोटंही नाही. म्हणून सारांशात लागवडीलायक, पोटखराब आणि एकूण या तीन ओळी वेगळ्या लिहा, आणि प्रत्येकीसमोर तिचं रूपांतर द्या. कन्नड महसुली भाषेत 'खराबु' हा शब्द आहेच आणि तो तिथल्या शेतकऱ्याला चांगला समजतो. दोन्ही राज्यांत खराब्याचे अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. अ म्हणजे लागवडीला नालायक, ब म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामासाठी राखलेलं. मसुद्यात वर्ग दिला असेल तर तसाच उतरवा. दिला नसेल तर स्वतःहून घालू नका, वकिलांना विचारा.

क्षेत्राचा मजकूर मी असा मांडतो. पहिल्या ओळीत खरेदीखतातला आकडा जसा आहे तसा, टिंबांसकट. दुसऱ्या ओळीत तोच एककांसह: १ हेक्टर २० आर् ५० चौ.मी. तिसऱ्या ओळीत चौरस मीटर: १२,०५०. चौथ्या ओळीत 'सुमारु २ एकरे ३९ गुंटे' आणि कंसात 'माहितिगागी मात्र', म्हणजे फक्त माहितीसाठी. चौथ्या ओळीत गुंठ्याच्या पुढचा अपूर्णांक दाखवू नका. आण्यापर्यंतचा आकडा दिला की वाचणाऱ्याला तो मोजणीतून आलेला वाटतो, पण तो तुमच्या गणकयंत्रातून आलेला असतो.

आणे हा शब्द आलाच आहे तर इथे थोडं थांबू. मराठी खरेदीखतात 'सदर गटात लिहून देणार यांचा आठ आणे हिस्सा' किंवा 'विहिरीत चार आणे हिस्सा' असं हमखास असतं. आपल्याला ते कळतं: रुपयाचे सोळा आणे, म्हणून आठ आणे म्हणजे अर्धा हिस्सा. पहाणी वाचणाऱ्यासाठी मात्र आणा हा गुंठ्याचा सोळावा भाग आहे. 'एंटु आणे' असं जसंच्या तसं लिहिलं तर गटात अर्धा गुंठा आहे असा अर्थ निघू शकतो. हिस्सा असेल तिथे 'अर्ध हिस्से', 'नाल्कने ओंदु हिस्से' असं अपूर्णांकातच लिहा आणि शेजारी '१/२', '१/४' द्या. 'हिस्सा' आणि 'पैकी' हे दोन्ही शब्द कन्नड महसुली लिखाणात आहेत, ते न बदलता ठेवले तर उत्तम.

गट नंबरचंही तसंच. कर्नाटकातल्या माणसाला 'सर्वे नंबर' ओळखीचा वाटतो म्हणून गटाचं सर्वे करायचा मोह होतो. तो टाळा. महाराष्ट्रात एकत्रीकरणानंतर गट नंबर पडले आणि जुने सर्वे नंबर वेगळे राहिले. गट ११८ चा जुना सर्वे नंबर भलताच असू शकतो, आणि सर्वे ११८ ही गावात दुसऱ्याच कुणाची जमीन असू शकते. 'गट नंबर ११८' असंच लिहा. मसुद्यात जुना सर्वे नंबर असेल तर तो वेगळ्या ओळीत, 'हळेय सर्वे नंबर' म्हणून.

चतुःसीमा

कन्नड खरेदीखतात याला 'चक्कुबंदी' म्हणतात. दिशांचे शब्द सोपे आहेत: पूर्वक्के, पश्चिमक्के, उत्तरक्के, दक्षिणक्के. चूक शब्दांत होत नाही, ओळींच्या क्रमात आणि वाक्याच्या रचनेत होते.

क्रमाचं असं की बऱ्याच मराठी मसुद्यांत दिशा पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशा फिरत येतात. कन्नड नमुन्यांत त्या बहुधा जोडीने येतात: पूर्व-पश्चिम, मग उत्तर-दक्षिण. तुम्ही कन्नडचा तयार नमुना उघडून त्यात ओळीमागून ओळ भरत गेलात, तर दुसऱ्या ओळीतला दक्षिणेचा ओढा पश्चिमेला जातो. नमुना वापरायचाच असेल तर दिशांचा क्रम आधी मराठी मसुद्याप्रमाणे बदलून घ्या, मगच भरायला बसा.

रचनेची चूक जास्त घातक. 'पूर्वेस: गट नं. ११९' याचा अर्थ विक्रीच्या जमिनीला पूर्वेच्या अंगाला गट ११९ लागून आहे. काही अनुवादक ही ओळ प्रवाही करण्यासाठी पूर्ण वाक्य करतात आणि नकळत 'गट नंबर ११९ र पूर्वक्के' असं लिहून बसतात. झालं, आता आपली जमीन ११९ च्या पूर्वेला गेली. सगळं चित्र आरशात उलटावं तसं उलटं झालं. चतुःसीमेत वाक्यं करूच नका. दिशा, पुढे दोन टिंबं आणि त्यापुढे जे आहे ते, एवढंच ठेवा.

आपल्या उदाहरणात सीमा अशा धरू. पूर्वेस: गट नं. ११९. दक्षिणेस: ओढा. पश्चिमेस: याच गटातील लिहून देणार यांचे उर्वरित क्षेत्र. उत्तरेस: गाडीवाट, त्यापलीकडे गट नं. ११४. कन्नडमध्ये ओढ्याला 'हळ्ळ' आणि शेताच्या बांधाला 'बदु' चालतो. गाडीवाटेला 'बंडी दारी' लिहिलं तर सीमाभागातला शेतकरी लगेच ओळखतो. 'त्यापलीकडे' हा शब्द मात्र कधीही गाळू नका. तो गेला तर उत्तरेला थेट गट ११४ लागतो असं होतं आणि मधली वाट कुणाची, हा वाद तुमच्या कागदातून जन्माला येतो. तसंच 'सामाईक बांध' मधलं 'सामाईक' सोडू नका.

याच सीमांमध्ये एक पडताळणी दडलेली आहे. विक्री होते आहे ती गटाच्या पूर्वेकडील भागाची. मग विकणाऱ्याची उरलेली जमीन पश्चिमेलाच असणार. कन्नड सारांशात ती पूर्वेला दिसली तर क्रम किंवा रचना कुठेतरी फिरली आहे, हे तिथल्या तिथे कळतं. मूळ मराठी मसुद्यातच ती पूर्वेला लिहिली असेल तर मसुदा चुकला आहे. ती चूक तुम्ही कन्नडमध्ये गुपचूप सुधारायची नाही. सुधारलीत तर खरेदीदार बरोबर सारांश वाचून चुकीच्या कागदावर सही करेल. वकिलांना दाखवा, मसुदा दुरुस्त होऊ द्या आणि मग सारांश लिहा.

'आमची जमीन', 'माझे शेत' अशी सर्वनामं मसुद्यात असतात. खरेदीखत लिहून देणाऱ्याच्या तोंडी असतं, पण सारांश घेणाऱ्याच्या हातात जातो, त्यामुळे 'नम्म जमीनु' वाचताना खरेदीदाराला ती आपलीच वाटू शकते. सर्वनामाच्या जागी नाव लिहा. पक्षकारांसाठी 'बरेदु कोडुववरु' आणि 'बरेसिकोळ्ळुववरु' हे शब्द कन्नडमध्ये चालतात, पण ते ऐकायला इतके सारखे आहेत की प्रत्येक वेळी पुढे नाव जोडणं बरं. शेजारच्या सीमेवर मयत व्यक्तीचं नाव असेल तर तेच ठेवा. वारस कोण हे तुम्हाला गावात कळलं असेल, तरी ते घालायचं काम तुमचं नाही.

'वहिवाट' या शब्दाबद्दल एवढंच: आजच्या कन्नडमध्ये 'वहिवाटु' वाचून बहुतेकांना धंद्याची उलाढाल आठवते. ताबा-वहिवाटीसाठी 'स्वाधीनानुभव' हा कन्नड दस्तांतला रुळलेला शब्द वापरा. वाटेच्या हक्काबद्दल असेल तर 'ओडाडुव हक्कु' असं सरळ लिहा.

पैसे आणि हप्ते

आपल्या उदाहरणात किंमत पावणेचोवीस लाख, आणि ती चार टप्प्यांत. साठेखताच्या वेळी संचकार म्हणून अडीच लाख चेकने दिलेले. खरेदीखताच्या दिवशी साडेबारा लाख आरटीजीएसने. पुढच्या तारखेचा पाच लाखांचा चेक. आणि उरलेले पावणेचार लाख फेरफार प्रमाणित झाल्यापासून ३० दिवसांत. बेरीज २३,७५,००० येते. सारांश लिहायच्या आधी ही बेरीज स्वतः करा. मसुद्यात एखादा हप्ता बदलला आणि एकूण तशीच राहिली, असं पुष्कळदा होतं.

सवाई, दिडकी आणि पावकीच्या भाषेत मराठी आणि कन्नड उलट्या दिशेने चालतात. अडीच म्हणजे 'एरडूवरे', साडेबारा म्हणजे 'हन्नेरडूवरे', इथवर ठीक. पण आपण पावणेचार म्हणतो तेव्हा चारातून पाव वजा करतो. कन्नड माणूस तीनात पाऊण मिळवतो आणि 'मूरु मुक्कालु' म्हणतो. चार हा शब्द ऐकून कुणी 'नाल्कु मुक्कालु' लिहिलं तर ते पावणेपाच होतात, एका शब्दात एक लाख वाढतात. तोंडी समजावताना ही चूक लेखीपेक्षा जास्त होते, म्हणून सारांश वाचून दाखवणाऱ्यालाही सांगून ठेवा. कागदावर पावकीच्या शब्दांना थारा देऊ नका. 'मूरु लक्ष एप्पत्तैदु साविर' असं पूर्ण लिहा आणि आकडाही द्या. एकूण रकमेसाठी 'इप्पत्मूरु लक्ष एप्पत्तैदु साविर'. आकडे इंग्रजी अंकांत ठेवा. देवनागरी एक आणि नऊ, कन्नड एक आणि शून्य हे हातातल्या झेरॉक्सवर एकमेकांत मिसळतात. इंग्रजी अंक दोन्ही भाऊ बँकेच्या पासबुकात रोज पाहतात.

'दिले', 'मिळाले' आणि 'वटले' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चेक दिला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. मराठीत 'रक्कम भरून पावली, तक्रार नाही' असं जिथे स्पष्ट आहे, तिथेच कन्नडमध्ये 'मुट्टिरुत्तदे' लिहा. चेकबद्दल 'चेक्कु कोडलागिदे' एवढंच. 'वटल्यास' अशी अट असेल तर 'नगदादरे' ही अट कन्नडमध्येही त्याच हप्त्याच्या ओळीत दिसली पाहिजे, खाली टिपेत नव्हे. चेक नंबर, बँक, शाखा, चेकवरची तारीख आणि यूटीआर नंबर अक्षरन्‌अक्षर उतरवा. यूटीआरमधली इंग्रजी अक्षरं कन्नड लिपीत लिहू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. काही रक्कम बाकी ठेवूनही खरेदीखत पूर्ण होतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे किंमत दिलेली, द्यायची कबूल केलेली किंवा थोडी दिलेली आणि थोडी कबूल केलेली असली तरी ती विक्रीच असते. मालकी घेणाऱ्याकडे जाते, आणि कलम ५५ प्रमाणे न मिळालेल्या रकमेपुरता विकणाऱ्याचा त्या जमिनीवर बोजा राहतो. कन्नड सारांशात 'बाकी हण कोट्ट नंतर खरीदी पूर्णवागुत्तदे', म्हणजे 'बाकी पैसे दिल्यावर खरेदी पूर्ण होईल', असं लिहिलं तर तुम्ही खरेदीखताचं साठेखत करून टाकलं. विजापूरचा भाऊ मग समजतो की जमीन अजून विकणाऱ्याचीच आहे आणि हवं तर मागे हटता येईल. मसुद्यात असेल तेवढंच लिहा: एवढी रक्कम बाकी, या तारखेपर्यंत द्यायची, न दिल्यास मसुद्यात जे परिणाम लिहिले आहेत ते. मसुद्यात एकीकडे 'संपूर्ण रक्कम भरून पावली' असा छापील मजकूर राहून गेला असेल आणि दुसरीकडे पावणेचार लाख बाकी असतील, तर दोन्ही वाक्यं वकिलांपुढे ठेवा. कन्नडमध्ये त्यातलं एक निवडून गुळगुळीत करू नका.

तारखांत 'आज रोजी' असेल तिथे खरी तारीख घाला. 'तीन महिने' हे नव्वद दिवस करू नका, तीन महिने तीन महिनेच ठेवा. '३० जूनपर्यंत' साठी 'जून ३० रोळगागी' लिहा. नुसतं 'वरेगे' वापरलं की 'तोवर थांबा' असा सूर लागतो. 'फेरफार' या टप्प्यावर जास्त जपा. तलाठ्याने नोंद धरणं, मग हरकतींसाठी नोटीस आणि पुढे मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करणं, हे वेगवेगळे दिवस आहेत. कन्नडमध्ये सगळ्याला मिळून 'म्युटेशन' म्हटलं तर ३० दिवस कधीपासून मोजायचे हेच कळत नाही. मसुद्यात 'प्रमाणित झाल्यापासून' असेल तर 'मंडल अधिकारी म्युटेशन नोंद प्रमाणीकरिसिद दिनदिंद' असं अधिकाऱ्यासकट लिहा.

कागद हातात देण्याआधी

सारांशाच्या डोक्यावर ठळक अक्षरात एक ओळ हवी: 'इदु माहितिगागी मात्र. नोंदणियाद मराठी खरीदी पत्रवे अंतिम.' नोंदणी कायद्याच्या कलम १९ खाली दस्तासोबत जोडायच्या अनुवादाची गोष्ट निराळी आहे. दस्त मराठीत असताना इथे त्याची गरज नाही, आणि तुमचा कागद कुणी तसा समजू नये म्हणून ही ओळ.

मग पडताळणी. कन्नड वाचणारा पण मराठी मसुदा न पाहिलेला एक माणूस बसवा. त्याला कन्नडमधून क्षेत्र, सीमा आणि रकमा मोठ्याने वाचायला सांगा, आकडे नाही तर अक्षरी. तुम्ही मराठी मसुद्यावर खूण करत जा. त्यानंतर त्याच माणसाला कोऱ्या कागदावर, फक्त कन्नड सारांश वाचून, जमिनीचा चौकोन काढून चारी बाजूंना काय आहे ते लिहायला सांगा. तो कागद गटाच्या नकाशाशेजारी ठेवा. ओढा चुकीच्या बाजूला गेला असेल तर तुमच्या डोळ्यांना जे दहा वाचनांत दिसलं नाही ते या एका चित्रात दिसेल.

सही होण्याच्या दिवशी मसुदा बदलतो. एखादा चेक नंबर, कधी हप्त्याची तारीख, क्वचित क्षेत्रही. म्हणून सारांश नोंदणीपूर्वी दिला असेल तर त्यावर 'मसुद्यावरून, अमुक तारखेच्या' असं लिहून ठेवा. नोंदणी झाल्यावर नोंदलेल्या दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक २ मागवून घ्या. दस्त क्रमांक, क्षेत्र आणि मोबदला त्या दोन्हींशी जुळवा, दुसरी प्रत काढा आणि पहिली परत मागून घ्या. विजापूरच्या भावाकडे फोनवर पाठवलेली पहिली प्रत असेल तर त्याला नवी पाठवताना नेमकं काय बदललं ते एका ओळीत कन्नडमध्ये लिहून पाठवा, आणि पैसे पाठवण्याआधी ती ओळ त्याने वाचल्याचं फोनवर विचारून घ्या.